मागून उघडलेलं कपाट

१

गोदाम बंद करायच्या आधी जसिंता रोज एक फेरी मारायची. दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात, बरवा अल बराहाच्या अलीकडे, एका खासगी संग्रहाचं ते गोदाम होतं. बाहेर कातडी सोलून काढणारं ऊन असलं तरी आत बारा महिने हुडहुडी भरायची. जुन्या लाकडाला उष्णता सोसत नाही, माणसांना थंडी सोसली तरी चालतं, असा तिथला हिशोब होता. म्हणून जसिंताचं एक निळं स्वेटर खुर्चीच्या पाठीवर कायमचं मुक्कामाला असे.

फेरी ठरलेली होती. तापमानाचे काटे बघायचे, गालिच्यांना कसर लागली का बघायचं, मूर्तींवरची कापडं नीट करायची आणि शेवटी तिसऱ्या खोलीतल्या कपाटापाशी थांबायचं. वसईच्या बाईला घर आवरायला शिकवावं लागत नाही, आणि जसिंता तर गोदामही घरासारखंच आवरायची. बाकीचे हसायचे, पण सामान तिच्याच हाती सोपवायचे.

महिनाअखेर ती कायमची घरी चालली होती. राजीनामा मंजूर झाला होता, तिच्या जागी माहिरा म्हणून रत्नागिरीची एक मुलगी आली होती. घाईचं कारण आय होती. आयची आठवण झिजत चालली होती. शेजारीण, भाऊ, नातवंडं एकेक करून पुसली गेली होती. जसिंता मात्र अजून शिल्लक होती. फोनवर चेहरा दिसला की आय म्हणायची, "जसू, जेवलीस?" ते विचारायचं थांबायच्या आत जसिंताला पोचायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

त्या संध्याकाळी कपाटापाशी तिला वास आला. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीचा.

तिने नाक वर करून पुन्हा हुंगलं. या गोदामात उदबत्तीला बंदी, काडेपेटीला बंदी. धुराचा नुसता संशय आला तरी छतातून आग विझवणारा गॅस सुटायचा. एसीतून आला असेल, असं म्हणून तिने दिवा मालवला. एसीतून मेणबत्तीचा वास कसा येईल, हा प्रश्न तिने घरी जाईपर्यंत लांबवला.

२

कपाट फ्रान्सहून आलं होतं. पुरुषभर उंच, ओकचं, काळवंडलेलं. मूळचं ते सिस्टरांच्या एका छोट्या मठातल्या सॅक्रिस्टीचं, म्हणजे फादर मिस्साविधीचे कपडे चढवतात त्या खोलीचं. दोहाच्या मुशैरिब भागात भरणाऱ्या प्रदर्शनात ते मधोमध उभं राहणार होतं. प्रदर्शनाची माहिती लिहिणारा गंधार पुण्याचा होता, आणि त्याला एखादी गोष्ट माहीत असणं आणि त्याने ती न सांगणं, हे एकत्र कधी घडत नसे.

"जसिंताताई, या फटीवर बघा," तो म्हणाला. दोन्ही दारांच्या फटीवर आडवी कापडी फीत होती, फितीच्या दोन्ही टोकांना लाल लाखेचे डाग. "सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं सील, आणि शाबूत. जगात अशी किती असतील?"

"सील कुणी केलं? चोरीचं होतं का?"

"विचारलंत ना, ते बरं केलंत! तुम्ही कॅथलिक, तुम्हाला राग येईल. १७८९. क्रांती झालीय, सरकारची तिजोरी रिकामी, डोक्यावर डोंगराएवढं कर्ज. चर्चकडे मात्र जमिनी, घरं, जंगलं. नोव्हेंबरात राष्ट्रीय सभेने ठराव केला की चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राच्या हवाली. आणि ही कल्पना मांडली कुणी? एका बिशपनेच."

"बिशपने?"

"बिशपने. बदल्यात फादर लोकांचे पगार, देवळांचा खर्च, गोरगरिबांची सोय हे सगळं सरकार बघेल म्हणाले. मग त्या जमिनींच्या तारणावर कागदी नोटा छापल्या. छापतच सुटले. पाच-सहा वर्षांत त्या नोटांना रद्दीचा भाव आला. पण जमिनी तोवर विकून झाल्या होत्या. शहरातले व्यापारी, पैसेवाले शेतकरी यांनी घेतल्या. थोडी रक्कम आधी भरायची, बाकी हप्त्याने, त्याच घसरत्या नोटांत. घेणाऱ्यांची चांदी झाली."

जसिंता फितीकडे बघत होती. "आणि सिस्टर लोक?"

"त्यांचं वेगळंच. पुढच्या फेब्रुवारीत कायद्याने व्रतं रद्द केली. मग गावचे अधिकारी मठात आले, एकेका सिस्टरला खोलीत एकटीला बोलावून विचारलं, 'बाहेर पडायचंय की राहायचंय?' पुरुषांच्या मठांतले पुष्कळ साधू बाहेर पडले. सिस्टर बहुतेक राहिल्या. मग सगळ्या वस्तूंची मोजदाद केली, कपाटांना अशी सीलं ठोकली, आणि राखण त्यांच्यातल्याच एकीवर टाकली. तुझ्याच घरातल्या वस्तू, पण आता राष्ट्राच्या, आणि काही हललं तर जबाबदार तू."

"किती दिवस?"

"अधिकारी परत येईपर्यंत. त्यांनी यायचं, सील शाबूत आहे असं चारचौघांत म्हणायचं, मग तोडायचं, आणि राखणदाराला मोकळं करायचं. रीतसर." गंधार हसला आणि जसिंताला कपाटामागे घेऊन गेला. पाठीच्या दोन फळ्या कधीकाळी पहारीने उचकटून परत ठोकल्या होत्या. "इथे तसं झालंच नाही. मागून उघडलं. मठाची इमारत विकत घेणाऱ्याने म्हणा, आणखी कुणी म्हणा. पुढून सील जसंच्या तसं, मागून सगळं साफ. म्हणजे कायद्याने विचाराल तर राखण अजून चालूच आहे."

त्याला हा विनोद फार आवडला. जसिंताला आवडला नाही. ज्या बाईला समोरून पहारा करायला सांगितलं आणि मागून घर धुऊन नेलं, तिची तिला दया आली.

३

दया येणं हा जसिंताच्या घराण्याचा रोग होता. आय वसईच्या मिशनच्या हॉस्पिटलात नर्स होती. ड्युटी बदलताना ती दमलेल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "निघ तू, मी हाय." बस, तेवढंच. कागदावर सह्या नंतर व्हायच्या. पण ते वाक्य एकदा तोंडातून गेलं की पेशंट आपला, मग आकाश कोसळलं तरी उठायचं नाही, असं आय सांगायची. आता आयला औषधाची नावं आठवत नव्हती, पण घरात कुणीही दमून बसलेलं दिसलं की ती ते वाक्य म्हणायची.

दोन-तीन दिवसांनी जसिंता फेरीवर असताना तिसऱ्या खोलीत तिला माहिरा दिसली. पाठमोरी, काळ्या अबायात, कपाटासमोर उभी. अंगात काही त्राण उरलं नसावं तसे खांदे पडले होते. नवी पोर, घरापासून लांब, दिवसभर उभी.

"निघ तू," ती दारातूनच म्हणाली. "मी आहे."

खांदे हळूच वर आले. श्वास सोडल्याचा आवाज झाला, खूप लांब. जसिंताने दाराजवळचा काटा वाचून मान वळवली तेव्हा खोली रिकामी होती.

बाहेर टेबलापाशी माहिरा ओल्या हातांनी स्कार्फ नीट करत होती.

"सॉरी मॅम, उशीर झाला. असरची नमाज पढायला वर गेले होते. मघापासून तुम्ही एकट्याच खाली?"

जसिंताने तिच्या अंगाकडे पाहिलं. माहिराने आज अबाया घातलाच नव्हता. मातकट रंगाचा लांब कुडता होता.

४

डोळ्यांना चष्मा लागला असेल. थकवा असेल. घरी जायची हुरहुर. जसिंताने मनाला एकेक कारण पुरवलं आणि मनाने एकेक नाकारलं. तिला रात्रभर चैन पडेना.

मग तिचं स्वेटर हरवलं. सगळं गोदाम पालथं घातलं तरी सापडेना. गंधार म्हणाला, "त्या सिस्टरने नेलं असेल. नेणारच बिचारी. १७९२ सालच्या ऑगस्टमध्ये उरलेले मठही रिकामे करायचा हुकूम निघाला. आणि धर्माचा पोशाख घालून रस्त्यावर फिरायलाही बंदी. कुणाकुणाचे जुने कपडे मागून, ते अंगावर चढवून बाहेर पडल्या त्या. बायाबापड्यांसारख्या."

"गंधार, पुरे," जसिंता म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. गंधारने चमकून पाहिलं.

त्या संध्याकाळी फेरी मारून ती निघाली तर दारावरचा नेपाळी गार्ड उठून उभा राहिला.

"मॅडम, आप तो निकल गये थे ना?"

"नहीं तो. अभी निकल रही हूँ."

"नीला स्वेटर पहन के..." तो म्हणाला आणि थांबला. काचेबाहेर अंधार पडला होता. जसिंताला वाटलं होतं फेरीला नेहमीएवढाच वेळ लागला.

अल मुंतझाच्या फ्लॅटवर रॉयस्टनने दार उघडलं. नवरा तसा शांत माणूस, पण भुकेला की चिडचिडा.

"खुबूस कुठाय?"

"कसला खुबूस?"

"अगं आत्ताच खाली बेकरीत रोट्या आणायला गेलीस ना? चहा ठेवलास, पिऊन बघितला नाहीस, उभ्या उभ्याच खिडकीतून बघत राहिलीस. म्हटलं बस तरी, तर बसेनास. मग आयचा फोन आला, तर तिच्याशी पण बोलली नाहीस धड. काय झालंय जसू तुला?"

ओट्यावर चहाचं पातेलं होतं. जसिंताने हात लावला. कोमट होतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गोदामाच्या बाहेर, उन्हात उभं राहून आयला व्हिडिओ कॉल लावला.

"जसू, जेवलीस?" आय म्हणाली, आणि जसिंताला रडूच फुटलं.

"जेवले गं आय. काल काय बोललीस माझ्याशी?"

आयने कपाळाला आठ्या घातल्या. "काल तू कुठं होतीस? ती दुसरीच बाय होती. तुझे कपडे घालून. मी म्हटलं, माझ्या पोरीला दे फोन. नुसती बघत ऱ्हायली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "चांगली हाय तशी. दमलेली हाय फार. पण तू न्हवतीस."

मागून भावजय फोनपाशी आली. "त्यांचं काही मनावर घेऊ नका ताई. काल तुम्हालाही ओळखलं नाही, आम्ही सगळे घाबरलो. आता लवकर या."

म्हणजे एकटी आयच खरं बोलत होती, आणि तिच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

ती तडक गंधारकडे गेली. "ते सील तोडूया."

"काय?"

"रीतसर. चारचौघांत. शाबूत आहे म्हणायचं, तोडायचं, मोकळं करायचं. तूच म्हणालास ना?"

"ताई, त्या सीलासाठीच तर कपाट आणलंय! सीलाशिवाय ते नुसतं लाकूड." तो हसला, मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "बरं वाटत नाही का? तुम्ही घरी जा. इन्शाल्ला, आठवड्याने वसईत असाल."

जसिंता एकटीच तिसऱ्या खोलीत गेली. कपाटासमोर उभी राहून, स्वतःच्याच वेडेपणाची लाज वाटत असताना ती म्हणाली, "'मी आहे' ते मी तुम्हाला म्हटलं नव्हतं. मला वाटलं आमची नवी पोरगी आहे. माझी ड्युटी संपली. ऐकताय ना? मी निघते."

उत्तर द्यायला तिथे कुणी असावं असं वाटलं नाही. खोली आजवर कधीच इतकी रिकामी नव्हती, आणि जसिंताला नेमकी त्याचीच भीती वाटली. तिने नकळत हात पुढे करून फीत तपासली. शाबूत होती. तिला एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लक्षात येताच ती धावत बाहेर आली.

६

शेवटच्या दिवशी गंधार माहितीचा फलक वाचून दाखवत होता. फादरांनाही कसं कात्रीत पकडलं ते त्यात होतं. फादर आणि बिशप आता लोकांनी मतदानाने निवडायचे, सरकारने पगार द्यायचा, आणि त्यांनी राष्ट्राशी, राजाशी आणि नव्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायची. निम्म्यांनी घेतली, निम्म्यांनी नाही. पोपने नंतर शपथेलाच दोष दिला. गावागावात दोन-दोन फादर झाले, एक सरकारचा, एक लपूनछपून मिस्सा करणारा. मरणाऱ्याने कुणाला बोलवायचं यावरून घरं फुटली. जमिनीसाठी सुरू झालेलं प्रकरण माणसांच्या मनापर्यंत गेलं.

"शेवटी १८०१ला पोपने करार केला," गंधार म्हणाला, "की ज्यांनी विकत घेतलं त्यांना त्रास देणार नाही. खलास. गेलं ते गेलं."

"लिलाव कसा व्हायचा?" जसिंताने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं.

"जमिनी आणि घरांचा? मेणबत्तीवर. अगदी छोटी मेणबत्ती लावायची. ती जळतेय तोवर बोली. नवी बोली आली की पुन्हा नवी मेणबत्ती. आणि एक मेणबत्ती पूर्ण जळून विझली, तोवर कुणी बोललंच नाही, की व्यवहार पक्का. त्यानंतर कितीही ओरडा."

जसिंताने चाव्यांचा जुडगा उचलला.

माहिराबरोबर चाव्यांची देवघेव झाली, सह्या झाल्या. पोर हळवी होती, डोळे भरून आले होते तिचे. जसिंताचा हात हातात घेऊन म्हणाली, "मॅम, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुम्ही निघा, मी—"

जसिंताने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

एक शब्द. माहिराने तो पुरा केला असता तर जसिंता सुटली असती, हे तिला हाडामांसात कळलं. आणि माहिराचं काय झालं असतं, तेही कळलं. एकवीस-बावीस वर्षांची पोर. रत्नागिरीला अम्मी फोनची वाट बघणारी.

"ते म्हणू नकोस," ती म्हणाली. "या गोदामात कुणालाच म्हणू नकोस. शप्पथ घे."

"मॅम, तुमचे हात बर्फासारखे गार पडलेत," माहिरा म्हणाली.

७

रॉयस्टन सामान गाडीत टाकून न्यायला आला होता. गार्डपाशी बसून चहा पीत होता. विमान रात्रीचं होतं, घाई काहीच नव्हती.

जसिंताने आत जायला नको होतं. ती गेली असंही म्हणता येणार नाही. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप फेरीला लागले. काटे बघितले, गालिचे बघितले, कापडं सारखी केली. तिसऱ्या खोलीचं दार मागे लागलं तेव्हा तिला वास आला. या वेळी विझल्याचा नव्हता. जळण्याचा होता, कोवळ्या मेणाचा, आणि त्यात कुठेतरी अगदी बारीक तडतड. ज्योत कुठेच दिसत नव्हती.

बोल, तिने स्वतःला सांगितलं. काहीतरी बोल. 'मी जाते' म्हण, 'मी नाही' म्हण, रॉयस्टनला हाक मार.

तिने तोंड उघडलं. पण नजर फितीवर होती. डाव्या टोकाची लाख तपासायची राहिली होती. ती तपासली. मग उजवी तपासली. शाबूत. दोन्ही शाबूत. इतकाच वेळ लागला.

तडतड थांबली. धुराचा वास खोलीभर पसरला.

ती वळली. दाराला काचेची पट्टी होती, त्यातून बाहेरचा व्हरांडा दिसत होता. रॉयस्टन चालला होता. त्याच्या शेजारी निळं स्वेटर घातलेली एक बाई चालत होती, पाठमोरी, पावलं जरा जपून टाकत, पुष्कळ दिवस चालायची सवय मोडल्यासारखी. रॉयस्टनने तिच्या हातातली पिशवी घेतली. बाईने लिफ्टपाशी मान किंचित वळवली. जसिंताला गाल दिसला, तिचाच, आणि डोळ्याची कड. त्यात दुष्टपणा नव्हता. सुटकेने डबडबलेला डोळा होता तो. मग लिफ्टचं दार मिटलं.

जसिंता दारापर्यंत जायला निघाली. पाठ कपाटाकडे झाली मात्र, तिच्या मानेवर शहारा आला. मागच्या फळ्या. मागून कुणी आलं तर? ती परत येऊन जागेवर उभी राहिली.

उद्या सकाळी ती बाई वसईला पोचेल. भावजय दार उघडेल, सगळे हसतील, रडतील. आय पुढे येऊन तिच्याकडे बघेल आणि म्हणेल, ही कोण? माझी जसू कुठाय? आणि सगळे एकमेकांकडे बघून हळहळतील, की बिचारी, शेवटी लेकीलाही विसरली.

काचेपाशी माहिराचा चेहरा आला. तिने डोकावून खोलीभर नजर फिरवली, कपाटावरून फिरवली, जसिंतावरूनही फिरवली. जसिंताने काही म्हटलं नाही. पोर गुणी होती, रोज संध्याकाळी येणार होती.

माहिराने दिवा मालवला.